अपडेटचं टिपण: नवीन काय आलं, ते साध्या शब्दांत

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्याच्या बारा नंबरात पीकपेरा लिहिण्याचं काम शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आलं. तोवर हे काम तलाठ्याचं होतं. महसूल आणि कृषी खात्याने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ही योजना आणली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२२ ला खरिपाच्या नोंदी सुरू झाल्या तेव्हा ॲपची दुसरी आवृत्ती आली. जोतिबाच्या डोंगराभोवतालची गिरोली, पोहाळे, कुशिरे, दाणेवाडी ही गावं घ्या, नाहीतर माथ्यावरची वाडी रत्नागिरी घ्या. इथल्या शेतकऱ्यालाही आपल्या उसाची आणि भाताची नोंद याच नव्या आवृत्तीत करायची होती.

ॲप बदललं की सोबत चार ओळी लिहाव्या लागतात: नवीन काय आलं, जुनं काय बदललं. प्रोग्रामर मंडळी त्यांना रिलीज नोट्स म्हणतात. मी इथे टिपण म्हणतो, कारण पिकाची ‘नोंद’ हा शब्द पुढे वारंवार येणार आहे आणि दोहोंची गल्लत नको. हे टिपण लिहिणं क्षुल्लक काम समजलं जातं. ॲप तयार झालं, शुक्रवारी संध्याकाळी चढवायचं आहे आणि एक चौकोन रिकामा दिसतो, म्हणून कुणीतरी त्यात ‘काही त्रुटी दूर केल्या, कामगिरी सुधारली’ असं भरून टाकतं. मला हे वाक्य वापरणाऱ्यावर अन्याय करणारं वाटतं. ज्याला ॲपमुळे उद्या वेगळं काहीतरी करायचं आहे, त्याला ते काय करायचं हे त्यातून कळत नाही. २०२२ च्या त्या अपडेटमधले बदल जाहीर झालेले आहेत. त्यांच्यासाठी साध्या मराठीत टिपण लिहायचं ठरवलं तर काय काय विचार करावा लागतो, ते आपण पाहू.

आधी बदल काय होते ते सांगतो. पिकाचा फोटो काढताना शेतकरी गटाच्या मध्यबिंदूपासून किती लांब उभा आहे, हे ॲप दाखवू लागलं आणि तो दूर असेल तर तसा संदेश देऊ लागलं. केलेली नोंद ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येऊ लागली, पण एकदाच. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानून तीच पुढे धरली जाणार आणि तलाठी त्यांतल्या १० टक्के नोंदी तपासणार, असं ठरलं. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर पूर्वी दोन दुय्यम पिकं लिहिता येत, ती तीन झाली. किमान आधारभूत किमतीने माल विकायचा असेल तर त्याची संमती ॲपमध्येच देता येऊ लागली. गावातल्या इतर खातेदारांच्या नोंदी पाहता येऊ लागल्या आणि ‘मदत’ हे बटण आलं.

हेच बदल प्रोग्रामरच्या वहीत वेगळे दिसतात. कोड लिहिणारा आपल्या प्रत्येक फेरफाराला एक छोटी ओळ जोडतो आणि ती ओळ त्याच्या सहकाऱ्यांसाठी असते. त्या ॲपचा कोड मी पाहिलेला नाही, पण अशा कामातल्या ओळी साधारण पुढच्यासारख्या असतात. हा नमुना मी रचलेला आहे:

```
feat: show distance to gat centroid in camera
feat: self-edit window 48h, max 1
fix: photo lost when upload is retried
```

या ओळींमध्ये चुकीचं काही नाही. सहा महिन्यांनी काही बिघडलं तर कोणत्या फेरफाराने बिघडलं हे शोधायला त्या लागतातच. पण टिपण लिहिताना पुष्कळ जण या ओळी उचलतात आणि मराठी लिपीत बसवतात: ‘कॅमेऱ्यात गट सेंट्रॉइड अंतर सुविधा’, ‘सेल्फ-एडिट विंडो ४८ तास’. लिपी बदलली, पण बोलणारा अजून प्रोग्रामरच आहे. यंत्रात काय घातलं ते तो सांगतो आहे. शेताच्या बांधावर उभ्या माणसाला दुसरंच हवं असतं: मी काय करू, कुठे उभा राहू, चुकलो तर काय.

म्हणून प्रत्येक बदलाला एकच प्रश्न लावून पाहायचा: यामुळे वापरणाऱ्याचं कुठलं वागणं बदलतं? मध्यबिंदूच्या सोयीला हा प्रश्न लावला की उत्तर येतं, ‘फोटो शेतात उभं राहूनच काढा.’ टिपणाची ओळ तीच. अंतर कसं मोजलं जातं, अक्षांश-रेखांश कुठून येतात, हा भाग मागे राहू द्यावा.

पण इथेच थोडं थांबायला हवं, कारण या एका सोयीत जोतिबाच्या उतारावरच्या शेतकऱ्याला अडवणारी एक गोष्ट दडलेली आहे. मध्यबिंदू गटाचा असतो, शेतकऱ्याच्या तुकड्याचा नसतो. आपल्याकडे एका गट नंबरात भावाभावांच्या वाटण्या होऊन चार-पाच खातेदार असणं नेहमीचं. डोंगरउताराची जमीन असेल तर गट आडवा, लांबुडका, ताली घालून पायऱ्यापायऱ्यांचा केलेला असतो. अशा गटाच्या टोकाला ज्याचे दहा गुंठे आहेत, तो स्वतःच्या उसात उभा असला तरी गटाच्या मध्यापासून शंभर-दीडशे मीटर दूर असू शकतो. ॲप त्याला अंतर दाखवणार आणि त्याला वाटणार, आपण चुकीच्या जागी उभे आहोत. मग तो पडद्यावरचं अंतर कमी करायला चालत चालत चुलतभावाच्या शेतात जाणार आणि तिथल्या पिकाचा फोटो काढणार. सोय दिली ती अचूकपणासाठी, आणि नोंद झाली ती दुसऱ्याच्या पिकाची.

त्यात फोनच्या जीपीएसची स्वतःची मर्यादा आहे. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. झाडाखाली, घराच्या भिंतीलगत किंवा डोंगराच्या कुशीत हा फरक वाढतो, कारण उपग्रहांचे संदेश अडतात किंवा कड्यावर आपटून उशिरा पोचतात. पुरुषभर उंच उसाच्या सरीत शिरून फोटो काढण्यापेक्षा बांधावर उघड्यावर उभं राहून काढलेला बरा. हे सगळं टिपणात मावणार नाही, पण टिपण लिहिणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे. ठाऊक असलं की तो ‘फोटो शेतात उभं राहूनच काढा, गटाचा मध्य किती लांब आहे ते पडद्यावर दिसेल’ असं लिहील. ‘मध्यबिंदूजवळ जाऊन फोटो काढा’ असं लिहिणार नाही. दोन्ही वाक्यं सोपी आहेत. दुसरं वाक्य माणसाला चुकीच्या शेतात पाठवतं.

नंतरच्या काळात पीक पाहणीसाठी डिजिटल क्रॉप सर्व्हेचं ॲप आलं आणि त्यात फोटोसाठी ५० मीटरच्या आत असण्याची अट आली. आधीची सोय माहिती देणारी होती, ही अट अडवणारी आहे. टिपणात या दोन गोष्टी एकाच शब्दाने सांगितल्या, ‘जिओ-फेन्सिंग सुविधा’ म्हटलं, की वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही की आता लांबून फोटो निघणारच नाही. आकडा असेल तर तो द्यावा आणि तो कुठून मोजायचा तेही सांगावं. पन्नास मीटर मध्यापासून की हद्दीपासून, यावर शेतकऱ्याची अर्धी सकाळ अवलंबून असते.

आता ४८ तासांचा मुद्दा. वरवर पाहता यात समजावण्यासारखं काही नाही. पण वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. समजा पोहाळ्याच्या एका शेतकऱ्याने रविवारी जोतिबाला जाऊन आल्यावर संध्याकाळी सहा वाजता सोयाबीनची नोंद केली. रात्री जेवताना बायको म्हणाली, ‘‘अहो, वरच्या तुकड्यात सोयाबीन न्हाई, भुईमूग हाय की.’’ त्याच्याकडे मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे. मंगळवार संपेपर्यंत नाही, आणि ‘दोन दिवस’ म्हणून बुधवारपर्यंत तर नाहीच. म्हणून टिपणात ‘दोन दिवस’ न लिहिता ‘४८ तास’ लिहावं. बोलण्यातले दोन दिवस आपण सैल धरतो, तास तसे सैल धरत नाही.

पण ४८ तास कधीपासून? डोंगराच्या मागच्या बाजूला, घाटाच्या वळणात, रेंज जाते. शेतात नेटवर्क नसेल तर माहिती फोनमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड होते. मग घड्याळ कधी सुरू होतं: शेतात बटण दाबलं तेव्हा, की घरी येऊन माहिती अपलोड झाली तेव्हा? टिपण लिहिणाऱ्याने हा प्रश्न प्रोग्रामरला विचारलाच पाहिजे आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. माझा अनुभव असा की अशा प्रश्नाने कधीकधी कोडमधलीच संदिग्धता उघडी पडते. दोन प्रोग्रामर दोन उत्तरं देतात, मग कोड उघडून पाहावा लागतो. साधं वाक्य लिहायचं तर नियम पक्का माहीत असावा लागतो. ‘दुरुस्तीची सुविधा उपलब्ध’ असं मोघम लिहिलं की काहीच माहीत नसलं तरी चालतं, म्हणून ते इतकं लिहिलं जातं.

त्याच ओळीत ‘एकदाच’ हा शब्द आहे आणि माझ्या मते तो ४८ तासांइतकाच महत्त्वाचा. मुदत असते एवढं लोक गृहीत धरतात. दुरुस्ती किती वेळा करता येईल याला मर्यादा असेल असं कुणी गृहीत धरत नाही. सोयाबीन बदलून भुईमूग केला, मग क्षेत्र वीस गुंठ्यांऐवजी बारा गुंठे आहे असं लक्षात आलं, तर दुसरी संधी नाही. म्हणजे खरा सल्ला असा, की चूक दिसली तर लगेच बटण दाबू नका, आधी सगळी नोंद तपासा आणि सगळ्या चुका एकाच वेळी दुरुस्त करा. टिपणात इतकं लिहायला जागा नाही, पण ‘फक्त एकदाच’ हे दोन शब्द स्वतंत्र वाक्य म्हणून ठेवले तर वाचणारा तिथे थबकतो. लांब वाक्याच्या पोटात ते गेले तर नजर त्यांवरून घसरते.

तिसरा बदल ॲपमधला नाहीच, तो नियमातला आहे. शेतकऱ्याची नोंदच ग्राह्य धरणार आणि तलाठी दहा टक्के तपासणार. पडद्यावर यामुळे काहीच नवीन दिसत नाही. ‘नवीन सुविधा’ म्हणून यादी करणारा तो वगळून टाकेल. मी तो वगळणार नाही, कारण बटण दाबण्याचा अर्थच त्याने बदलतो. आधी आपण माहिती देत होतो, पुढे कुणीतरी ती पाहणार होतं. आता आपण जे लिहू तेच सातबाऱ्यावर जाणार आहे. पीक कर्ज असो, विमा असो, नुकसानभरपाई असो, पाहिला जातो तो हाच पीकपेरा. ॲपचं कुठलंही टिपण लिहिताना असा बदल शोधावा: पडदा तोच, बटण तेच, पण परिणाम वेगळा. वापरणाऱ्याला तो आपणहून कधीच दिसणार नाही, त्यामुळे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे लिहिणाऱ्याची.

बाकीचे बदल झटकन आटोपता येतात. आपल्या भागात उसात भुईमूग, सोयाबीन अशी आंतरपिकं घेतात. कडेने मिरची, मका असतो. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं म्हटलं की कुशिऱ्याच्या शेतकऱ्याला वेगळं उदाहरण लागत नाही. हमीभावाची संमती मात्र ज्याला विकायचं आहे त्याच्यापुरती आहे, म्हणून ती ओळ ‘विकायचा असेल तर’ या अटीने सुरू करावी. ज्याला लागू नाही तो पहिल्या दोन शब्दांत पुढे सरकतो.

आता जागेचा हिशेब. अँड्रॉइड फोनसाठीचं ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवर चढवताना प्रत्येक भाषेतल्या टिपणाला ५०० कॅरेक्टरची मर्यादा असते. ही मर्यादा मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त जाचते. संगणक आपली अक्षरं मोजत नाही, त्यांचे घटक मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगवेगळे धरले जातात. ‘जोतिबा’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो सहा भरतो. ‘क्षेत्र’ डोळ्यांना दोन अक्षरांचा, मोजणीत सात. त्यामुळे पाचशेत मराठीचे सत्तर-पंचाहत्तर शब्द बसतात, त्यापेक्षा फार नाही. ‘सदर सुविधेच्या माध्यमातून शेतकरी बांधवांना’ अशी सुरुवात केली की काही न सांगताच चाळीसहून जास्त कॅरेक्टर संपतात.

दुसरी गोष्ट अशी की प्ले स्टोअर टिपणावर स्वतःचं शीर्षक लावतं आणि फोनवर आधी सुरुवातीच्याच काही ओळी दाखवतं. बाकीचं वाचायला बोट लावून उघडावं लागतं. तेव्हा ‘ई-पीक पाहणीच्या नव्या आवृत्तीत आपले स्वागत’ ही ओळ जागा खाते. ठळक अक्षरं, रंग, चित्रं इथे चालत नाहीत, साधा मजकूर चालतो. ओळींचा क्रम हेच तुमचं एकमेव साधन. ज्या गोष्टीने माणसाचं आजच काम अडेल ती पहिली, चूक झाल्यावर वाचवणारी दुसरी, परिणाम बदलणारी तिसरी, आणि ज्या गोष्टी न वाचल्या तरी नुकसान नाही त्या शेवटी.

या हिशेबाने मी त्या अपडेटचं टिपण असं लिहीन. प्ले स्टोअरच्या चौकोनात मराठी मजकूर `mr-IN` या खुणेच्या आत टाकायचा असतो:

```
<mr-IN>
१. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढा. गटाचा मध्य किती लांब आहे ते पडद्यावर दिसेल.
२. नोंद चुकली? ४८ तासांत स्वतः दुरुस्त करा. फक्त एकदाच.
३. तुमचीच नोंद सातबाऱ्यावर जाईल. तलाठी १० टक्के नोंदी तपासतील.
४. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येतील.
५. हमीभावाने माल विकायचा असेल तर ॲपमध्येच संमती नोंदवा.
६. गावातल्या सगळ्यांच्या पीक नोंदी पाहता येतील.
अडचण आली तर ‘मदत’ दाबा.
</mr-IN>
```

मजकूर पावणेचारशेच्या आसपास भरतो. म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅरेक्टर शिल्लक राहतात आणि त्यांत काहीही भरू नये असं मला वाटतं. शेवटच्या तारखेचा मोह होतो. पण पीक पाहणीची मुदत वाढवली जाते, हे आपण पाहिलेलं आहे. ॲपच्या पानावर जुनी तारीख राहिली तर मुदत संपली असं समजून माणूस नोंदच करत नाही. तारखा ॲपच्या आत, बदलता येतील अशा जागी ठेवाव्यात. ज्या मुदतीत वारंवार फेरफार होतो ती टिपणात घालू नये.

दुरुस्त केलेल्या बिघाडांबद्दल वेगळं सांगायला हवं. वरच्या नमुन्यातली तिसरी ओळ आठवा: पुन्हा अपलोड करताना फोटो हरवत होता, तो दोष काढला. ‘फोटो अपलोडची समस्या सोडवली’ असं लिहिलं तर ज्याचा फोटो हरवला त्याला काय कळलं? त्याला दोन प्रश्न असतात. हे माझ्याबाबतीत झालं होतं का, आणि आता मी काही करायचं आहे का? म्हणून आधी त्याला दिसलेलं लक्षण लिहावं, मग करायची कृती: ‘रेंज गेल्यावर काही जणांचा फोटो अपलोड होत नव्हता. आता होईल. जुन्या नोंदीत फोटो दिसत नसेल तर पुन्हा काढा.’ शेवटचं वाक्य लिहायला प्रोग्रामर नाखूश असतो, कारण त्यातून आधी काम नीट झालं नव्हतं हे दिसतं. पण तेच वाक्य नसेल तर फोटो नसलेली नोंद तशीच पडून राहते आणि शेतकऱ्याला ती पूर्ण झाली असं वाटत राहतं. हरवलेला फोटो नव्या आवृत्तीने परत येत नाही.

काढून टाकलेली सोय सांगायलाही लोक कचरतात. ती तर सांगायलाच हवी, आणि तिच्या जागी काय वापरायचं तेही. कालपर्यंत जिथे बटण होतं तिथे आज ते नसेल तर माणूस अर्धा तास आपल्याच फोनला दोष देतो.

टिपण चांगलं लिहिलं तरी ते वाचलं जाईल असं धरून चालता येत नाही. बहुतेक फोनांवर ॲप आपोआप अपडेट होतात, रात्री फोन चार्जिंगला लावलेला असताना, वायफायवर. त्या माणसाने प्ले स्टोअर उघडलेलंच नसतं. म्हणून पहिल्या दोन ओळी ॲप पहिल्यांदा उघडल्यावर पडद्यावर दाखवाव्यात, आणि बाकीच्या ‘मदत’ मध्ये ठेवाव्यात. गावाकडे तिसरी वाट व्हॉट्सॲपच्या ग्रुपची, आणि प्रत्यक्षात ती सगळ्यांत जास्त चालते. टिपण कॉपी करून ग्रुपवर टाकलं तर जसंच्या तसं वाचता यावं, हीही त्याची कसोटी धरावी. पडद्याचे फोटो किंवा खुणांचे बाण यांवर अवलंबून लिहिलेलं टिपण कॉपी होताना अर्थ गमावतं.

ग्रुपवर टाकण्यात एक धोका आहे. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती एकदम सगळ्यांना न देता आधी थोड्या टक्के फोनांवर सोडता येते. गडबड दिसली तर पुढचं वाटप थांबवता येतं. ही शहाणपणाची पद्धत आहे, पण तेवढ्या काळात गिरोलीतल्या एका घरात दोन फोनांवर दोन आवृत्त्या असू शकतात. ग्रुपवर ‘आता नोंद दुरुस्त करता येते’ असं आलं, थोरल्याच्या फोनवर ते बटण आहे, धाकट्याच्या नाही. मग धाकटा ॲप काढून पुन्हा टाकतो आणि न पाठवलेल्या नोंदी गमावतो. यावर उपाय सोपा: सगळ्यांना मिळेपर्यंत टिपण ग्रुपवर टाकू नये, आणि टाकताना आवृत्तीचा आकडा आणि तो ॲपमध्ये कुठे दिसतो ते लिहावं. वाटप थांबवलं तरी ज्यांच्या फोनवर नवी आवृत्ती आली ती मागे घेता येत नाही. प्रत्येक आवृत्तीला आतून एक पूर्णांक क्रमांक असतो आणि तो पुढेच वाढावा लागतो. चूक सुधारायची तर आणखी नवी आवृत्ती काढायची, आणि तिच्या टिपणात मागची चूक काय होती ते लिहायचं.

टिपण जमलं की नाही हे चढवण्याआधी तपासता येतं. ज्याने ॲपची नवी आवृत्ती पाहिलेली नाही अशा एका माणसाला ते वाचून दाखवा आणि ‘कळलं का’ असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा. एखादे आबा म्हणतील, ‘‘म्हंजे घरातनं फोटू काढला तर चालंल का न्हाई?’’ हा प्रश्न आला की पहिली ओळ अजून पुरेशी स्पष्ट नाही हे कळतं. दुसरे म्हणतील, ‘‘चुकलं तर दोनदा-तीनदा बदलता येतंय न्हवं?’’ मग ‘फक्त एकदाच’ हे शब्द ऐकले गेले नाहीत. टिपण चढवल्यानंतरची खूण वेगळी असते. तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि त्याचं उत्तर टिपणात असेल, तर ओळ खाली गेली आहे किंवा वाक्य लांब झालं आहे. उत्तर टिपणात नसेल तर पुढच्या आवृत्तीची पहिली ओळ तुम्हाला मिळाली.

छोट्या ॲपांना हे सगळं जड वाटेल, पण त्यांना उलट सोपं जातं. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्यांचा मार्ग दाखवणारं, दूध संस्थेचा हिशेब ठेवणारं किंवा गावच्या पाणीपट्टीचं ॲप असेल, तर बदल दोन-तीनच असतात आणि वापरणारी माणसं ओळखीची असतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या एफ-ड्रॉइड या भांडारात ॲप ठेवलं असेल तर टिपण ही कोडसोबत ठेवलेली एक साधी फाइल असते. आवृत्तीचा आतला क्रमांक १२ असेल तर मराठी टिपण इथे जातं:

```
fastlane/metadata/android/mr/changelogs/12.txt
```

कोड न येणारा माणूसही ही फाइल लिहून देऊ शकतो. इंग्रजीत तयार टिपण असेल तर त्याचं भाषांतर करत बसण्यापेक्षा प्रोग्रामरला बदल तोंडी विचारावेत आणि मराठीत थेट लिहावं. इंग्रजी टिपणातला मोघमपणा मग आपल्याकडे येत नाही.

तुमच्या फोनवरच्या एखाद्या मराठी ॲपचं टिपण आज पाहा. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर ‘नवीन काय आहे’ या मथळ्याखाली ते असतं. तिथे मराठी नसेल, किंवा ‘त्रुटी दूर केल्या’ एवढंच असेल, तर त्याच पानावर खाली ॲप बनवणाऱ्याचा ईमेल पत्ता दिलेला असतो. कुठला बदल तुम्हाला कळला नाही आणि त्यामुळे काय अडलं, हे दोन ओळींत त्यांना लिहून पाठवा.